मनूस पत्र: धडधड थांबली म्हणजे प्रेम संपलं का?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं फोनवर देण्यासारखी नव्हती, म्हणून लिहायला बसले आहे. पहिला प्रश्न तुझ्या संसाराचा. पूर्वी तो संध्याकाळी घरी यायचा तेव्हा जिन्यातली पावलं ऐकूनच तुझ्या छातीत धडधडायचं. आता बेल वाजते आणि तुझ्या तोंडून निघतं, ‘किल्ली नेली नव्हतीस का?’ मग प्रेम संपलं का? आणि त्यातच तू दुसरा प्रश्न विचारलास, ‘आई, तू आजीचं इतकं केलंस, तुझं प्रेम होतं का गं तिच्यावर?’ तुझ्या मनात हे दोन वेगळे विषय असतील. मला मात्र ते एकाच धाग्याचे वाटले. दोन्हीकडे तू प्रेम ही एकच वस्तू धरून चालली आहेस, जी एक तर असते नाही तर नसते.

इतकी वर्षं बी.ए.च्या मुलांना ग्रीक नीतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे असं काही विचारलं की माझं मन आपोआप तिकडे जातं. ग्रीकांकडे प्रेमासाठी एकापेक्षा जास्त शब्द होते. त्यातले तीन आज सगळ्यांना ऐकून माहीत असतात: इरॉस, फिलिया आणि अगापे. एक गोष्ट आधीच सांगते. प्लेटोने किंवा ॲरिस्टॉटलने हे तिन्ही एका ओळीत मांडून ‘प्रेमाचे तीन प्रकार’ असं कुठेही लिहिलेलं नाही. ती मांडणी नंतरच्यांची, विशेषतः विसाव्या शतकातल्या ख्रिस्ती विचारवंतांची. जुन्या ग्रीकमध्ये हे शब्द एकमेकांच्या हद्दीत खुशाल शिरतात. तरीही प्रत्येक शब्दाभोवती जो विचार झाला तो इतका कसदार आहे, की तुझ्या प्रश्नांना त्याचा खरा उपयोग होईल.

तुझ्या धडधडीपासूनच सुरुवात करू. इ.स.पू. ६००च्या आसपास लेस्बॉस बेटावर सॅफो नावाची कवयित्री होती. तिच्या एका कवितेत समोर एक स्त्री कुणा पुरुषाशी हसून बोलते आहे आणि सॅफो लांबून ते बघते आहे. बघता बघता तिला जे होतं ते ती एकामागून एक सांगत जाते. काळीज छातीत फडफडतं, आवाज फुटत नाही, जीभ लुळी पडते, कातडीखाली आग पसरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, कान घुमायला लागतात, घाम फुटतो, अंग थरथरतं, चेहरा गवताहून फिका पडतो आणि आता आपण मरणार असं वाटतं. इरॉस म्हणजे हे. दुसऱ्या एका ओळीत ती त्याला गोड-कडू म्हणते. पण कवितेत कोण कुठे आहे ते बघ. ती व्यक्ती समोर आहे, पण सॅफोजवळ नाही, मध्ये एक तिसरा बसला आहे. हे सगळं घडतं ते त्या अंतरामुळे.

प्लेटोने हे अंतरच हातात धरलं आणि त्याचा विचार केला. त्याच्या ‘सिंपोझियम’मधली मेजवानी इ.स.पू. ४१६ मधली आहे. अगाथॉन नावाच्या तरुण नाटककाराला पहिलं बक्षीस मिळालेलं असतं आणि त्याच्या घरी मंडळी जमलेली असतात. आदल्या दिवशी सगळ्यांना फार झालेली, म्हणून आज पिणं बेताचं ठेवून प्रत्येकाने इरॉसच्या, म्हणजे त्याच नावाच्या प्रेमदेवाच्या, स्तुतीचं भाषण करायचं असं ठरतं. अगाथॉन म्हणतो, इरॉस हा देवांमध्ये सर्वांत सुंदर, सर्वांत चांगला. मग सॉक्रेटिस त्याला साधेसे प्रश्न विचारतो. इरॉस कशाचा तरी असतो ना? ज्याचा असतो ते हवंसं असतं ना? आणि जे हवंसं वाटतं ते आपल्याजवळ असतं की नसतं? अगाथॉन अडकतो. इरॉसला सौंदर्य हवं असेल तर ते त्याच्याकडे नाही, म्हणजे तो सुंदर नाही.

पण पुढची शंका सॉक्रेटिस स्वतःच काढतो आणि ती तुझ्या कामाची आहे. धडधाकट माणूसही म्हणतो ना, मला धडधाकट असावंसं वाटतं? मग जे आहे तेच त्याला कसं हवं? उत्तर असं, की आज आहे ते उद्याही असावं असं त्याला हवं आहे. आणि उद्या अजून हातात नाही. म्हणजे हाताशी असलेल्या माणसाबद्दलही इरॉस उरतो, पण त्याचा रोख बदलतो. ‘हा मला मिळावा’ ही ओढ जाऊन तिथे ‘हा असाच राहावा’ ही येते. ही दुसरी ओढ बेल वाजल्यावर जागी होत नाही. तो गाडीने घाटातून येत असताना फोन लागेना झाला, की होते. मागच्या पावसाळ्यात त्या रात्री तू मला किती वेळा फोन केलास ते आठव.

त्याच मेजवानीत सॉक्रेटिस डायोटिमा नावाच्या स्त्रीने आपल्याला सांगितलेली गोष्ट सांगतो. सौंदर्याची देवता ॲफ्रोडायटी हिच्या जन्माचा सोहळा चालू असतो. गरिबी दाराशी भीक मागायला येते. युक्ती आणि साधनांचा देव पोरॉस बागेत झिंगून झोपलेला असतो. त्या दोघांचं पोर म्हणजे इरॉस. आईकडून त्याला आलेलं ते हे, की अनवाणी, बेघर, दुसऱ्यांच्या दारात आणि रस्त्यावर झोपणारा. बापाकडून आलेलं ते असं, की धीट, शिकारी, सतत काहीतरी बेत रचणारा. एकाच दिवसात तो फुलतो, मरतो आणि पुन्हा उठतो, आणि जे मिळवतो ते सारखं गळून जातं. मुलांना ही गोष्ट सांगताना मला नेहमी वाटायचं, लग्नाच्या पहिल्या वर्षातल्या प्रत्येकाला ती सांगावी. धडधड ओसरणं हा तुमच्यापैकी कुणाचा दोष नाही, तो इरॉसचा स्वभाव आहे. गरिबीच्या पोटी जन्मलेला तो, भरल्या घरात त्याची घुसमटच व्हायची.

याच पुस्तकात विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिस सांगतो ती गोष्ट लोकांना जास्त आवडते. माणसं मुळात गोल होती, चार हात, चार पाय. देवांचा राजा झ्यूसने त्यांचे दोन तुकडे केले आणि तेव्हापासून प्रत्येक जण आपला हरवलेला अर्धा शोधत फिरतो. लग्नाच्या मुलाखतीत तूही कुणालातरी म्हणाली होतीस, ‘क्लिक व्हायला हवं.’ ते याच गोष्टीचं आजचं रूप. पण प्लेटो हिला जिंकू देत नाही. डायोटिमा स्पष्ट म्हणते, प्रेम अर्ध्याचंही नसतं आणि पूर्णाचंही नसतं, ते चांगलं असल्याशिवाय. स्वतःचा पाय सडला तर माणूस तो कापून टाकायला तयार होतो, मग तो कितीही ‘आपला’ असो. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. हा माझाच आहे, नशिबाने दिलेला आहे, एवढ्यावर तो चांगला ठरत नाही.

हे सगळं अथेन्समधलं आहे हे मात्र विसरू नकोस. त्या मेजवानीत एकही स्त्री बसलेली नाही. बासरी वाजवणारीलाही आत बायकांकडे पाठवून देतात, आणि डायोटिमा येते ती फक्त सॉक्रेटिसच्या आठवणीतून. तिथला इरॉस मुख्यतः प्रौढ पुरुष आणि वयात येणारे मुलगे यांच्यातला. आज आपण त्याला सरळ शोषण म्हणू आणि ते बरोबरच आहे. गंमत अशी, की त्यातला धोका खुद्द प्लेटोलाही दिसत होता. ‘फीड्रस’ या दुसऱ्या संवादात सॉक्रेटिसचं एक भाषण आहे. केवळ हव्यासाने पेटलेला प्रियकर कसा वागतो याची त्यात यादीच आहे. समोरचा आपल्यापेक्षा कमी राहावा अशी त्याची इच्छा असते. जिथे तो शहाणा होईल अशा संगतीपासून त्याला तो दूर ठेवतो. त्याला आईबाप, नातेवाईक, मित्र नसते तर बरं, असं त्याला वाटतं. त्याच्याजवळ स्वतःचा पैसा असला तरी याला खुपतं, कारण पैसेवाला हातातून निसटतो. भाषणाच्या शेवटी तो म्हणतो, लांडग्याला कोकरू आवडावं तसं हे आवडणं. पुढे सॉक्रेटिस हे भाषण मागे घेतो आणि इरॉस ही देवाने दिलेली वेडाची देणगीही असू शकते असं दुसरं भाषण करतो. पण पहिल्या भाषणातली लक्षणं काही खोटी ठरत नाहीत. तुझ्या त्या मैत्रिणीचं आठवतं ना, जिचा होणारा नवरा तिचा पगार कुठल्या खात्यात जमा होतो ते विचारत होता आणि तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर चिडत होता? धडधड तिथे भरपूर होती.

आता फिलिया. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. ॲरिस्टॉटलच्या ‘निकोमॅकियन एथिक्स’चे दहा भाग, त्यांतले आठवा आणि नववा असे दोन पूर्ण भाग फिलियावर आहेत. न्यायावर एकच आहे. आपण फिलियाला मैत्री म्हणतो, पण त्याने त्यात नवरा-बायको, आई-मुलं, भाऊ-भाऊ, एकाच जहाजावरचे प्रवासी, एकाच तुकडीतले सैनिक, सगळे घेतले आहेत. सुरुवातीलाच तो दारूचं उदाहरण देतो. दारू आवडते, पण ती फिलिया नाही. कारण दारू उलट आपल्यावर प्रेम करत नाही आणि आपणही दारूचं भलं व्हावं असं इच्छित नाही. फार तर ती टिकावी, म्हणजे आपल्याला मिळेल. म्हणून त्याच्या तीन अटी आहेत. समोरच्याचं भलं त्याच्यासाठी इच्छायचं, ते दोन्हीकडून असायचं आणि ते दोघांनाही माहीत असायचं. तिसरी अट लोक विसरतात. मनातल्या मनात केलेली सदिच्छा फिलिया होत नाही.

मग तो विचारतो, माणसं एकमेकांना कशामुळे धरून असतात? कुणी उपयोगामुळे, कुणी आनंद मिळतो म्हणून, आणि कुणी समोरचा माणूस म्हणून जसा आहे त्यामुळे. पहिल्या दोन्हींत तो वाईट काही पाहत नाही. फक्त कारण संपलं की नातं संपतं. उपयोग बदलतो, मजाही वयाप्रमाणे बदलते. स्वभाव मात्र सावकाश बदलतो, म्हणून तिसरी फिलिया टिकते. ती विरळ असते आणि तिला वेळ लागतो. त्यासाठी तो एक म्हण सांगतो, की बरोबर बसून पुरेसं मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. मैत्रीची इच्छा झटकन होते, मैत्री नाही.

आणि आता आठव्या भागातली ती जागा. प्रियकर-प्रेयसीबद्दल तो म्हणतो, की दोघांना एकाच गोष्टीत आनंद नसतो. एकाला बघण्यात असतो, दुसऱ्याला कुणीतरी आपल्यामागे आहे यात असतो. तारुण्याचा बहर ओसरला की कधीकधी नातंही ओसरतं, कारण बघण्यातला आनंद गेलेला असतो आणि मागे लागणारा मागे राहिलेला नसतो. पण पुष्कळ जण टिकतात. कोण? ज्यांना सहवासात एकमेकांचा स्वभाव प्रिय झाला ते. बस, दोन-तीन वाक्यंच आहेत, पण तुझा प्रश्न त्यात पूर्ण मावतो. धडधड आहे की नाही हे बघून काही कळणार नाही. ती होती त्या काळात खाली दुसरं काही रुजलं का, हे बघायला हवं.

ते कसं ओळखायचं? मागच्या वर्षी ऑफिसात तुझा रिपोर्ट परत आला आणि तू आठवडाभर धुमसत होतीस. तूच मला सांगितलंस, की सगळ्या मैत्रिणी म्हणाल्या, ‘तुझा बॉसच तसा आहे.’ तो एकटा म्हणाला, ‘मधला भाग खरंच कच्चा आहे, आकडे आणि निष्कर्ष जुळत नाहीत.’ तू त्याच्याशी दोन दिवस बोलली नाहीस. मग शनिवारी रात्री तो तुझ्या शेजारी बसला आणि तुम्ही दोघांनी मिळून तो भाग नव्याने उभा केला. ॲरिस्टॉटलला यातलं काय महत्त्वाचं वाटलं असतं, सांगू? तुला बरं वाटावं यापेक्षा तुझं काम चांगलं व्हावं हे तुझ्या नवऱ्याला जास्त हवं होतं, आणि त्यासाठी दोन दिवसांचा अबोला सोसायची त्याची तयारी होती. आनंदासाठी धरलेल्या नात्यात माणूस ही जोखीम घेत नाही. जावई म्हणून मी त्याचं कौतुक करते आहे असं समजू नकोस. त्याचं पुस्तकांचं कपाट तू आवरायचंस आणि त्याने बघत बसायचं, हे मला मुळीच पसंत नाही.

आता काळजी कशाची करायची तेही सांगते. नवव्या भागाच्या सुरुवातीला एक गोष्ट येते. कुणीतरी एका वादकाला म्हणाला, जितकं छान वाजवशील तितकं जास्त देईन. तो रात्री मन लावून वाजवतो. सकाळी पैसे मागायला गेला तर उत्तर मिळतं, ‘तू मला आनंद दिलास, मी तुला आशेचा आनंद दिला, फिटंफाट झाली.’ ॲरिस्टॉटल म्हणतो, एकाला आनंद हवा होता, दुसऱ्याला पैसे. दोघे वेगवेगळ्या सौद्यात होते, म्हणून भांडण. संसारातली बहुतेक धुसफूस मला या जातीची वाटते. एक जण समजतो आपण सोबतीत आहोत, दुसरा समजतो आपण हिशेबात आहोत. ईएमआय कुणी भरला, भांडी कुणी घासली, कुणाच्या आईकडे किती दिवस, हे मोजणं वाईट नाही. घर चालायचं तर उपयोगाची वाटणीही चोख हवी, आणि ॲरिस्टॉटलने नवरा-बायकोच्या नात्यात ती मोकळेपणाने धरली आहे. पण दर भांडणात फक्त तोच कागद बाहेर येऊ लागला, तर समजायचं की नातं पहिल्या प्रकाराकडे घसरतं आहे. तुमच्या भांडणांत अजून तो कागद फारसा येत नाही, असं मला दिसतं.

दुसरी खूण तू स्वतःच सांगितलीस, पण निराळ्या सुरात. रविवारी संध्याकाळी तुम्ही दोघं एकाच सोफ्यावर तासन्‌तास बसता, हातात आपापला फोन, आणि तुला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. नवव्या भागात ॲरिस्टॉटल म्हणतो, माणसांच्या बाबतीत एकत्र राहणं म्हणजे बोलणं आणि विचार वाटून घेणं, गुरांसारखं एकाच कुरणात चरणं नव्हे. धडधड गेली म्हणून रडू नकोस, पण बोलणं जात असेल तर मात्र लक्ष घाल. आठव्या भागातच एक म्हणही त्याने दिली आहे, की पुष्कळ मैत्र्या बोलणं तुटल्याने तुटल्या.

ॲरिस्टॉटलचं सगळंच घ्यावं असं नाही. नवरा श्रेष्ठ आणि बायको कनिष्ठ असं तो गृहीत धरतो, आणि अशा नात्यात श्रेष्ठावर जास्त प्रेम व्हायला हवं असं म्हणतो. हे मला कधीच पटलं नाही, वर्गातही मी ते लपवलं नाही. पण त्याचं मृत्युपत्र जुन्या चरित्रात उतरवून ठेवलेलं आहे, तेही मी वर्गात वाचून दाखवायचे. त्याची बायको पिथियास आधीच वारली होती. नंतर हर्पिलिस नावाची स्त्री त्याच्यासोबत राहिली. मृत्युपत्रात तो लिहितो, की ती माझ्याशी चांगली वागली, तिला काही कमी पडू देऊ नका. मग तिला राहायला कॅल्किसचं घर हवं की स्टॅगिराचं, ते तिने निवडायचं, आणि जे निवडेल त्यात योग्य ते सामान लावून द्यायचं. आणि पुढे लिहितो, मला जिथे पुराल तिथेच पिथियासच्या अस्थी आणून ठेवा, तिचीच तशी इच्छा होती. सिद्धांतात बायकोला खालची पायरी देणारा हा माणूस व्यवहारात तिचा शब्द पाळतो. पुस्तकापेक्षा तो इथे मला जास्त पटतो.

आता आजी. खरं सांगायचं तर आमच्यात फिलिया नव्हती. सासूबाईंना मी कधी मनापासून पसंत पडले नाही. मी नोकरी करते, मी उलट बोलते, हे त्यांना सलायचं. आणि मलाही त्यांच्याशी बोलून कधी हलकं वाटलं नाही. शेवटच्या वर्षी त्या अंथरुणावर खिळल्या. बेडसोअर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, चादर ओढून सुरकुती काढायची, दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीला टेकत नाहीत ना ते बघायचं. त्या वेळी त्या मला कधी मोलकरणीच्या नावाने हाक मारायच्या, कधी हात झिडकारायच्या. तू तेव्हा दारात उभी राहून बघायचीस. तू विचारलंस प्रेम होतं का. ओढ नव्हती, मैत्री नव्हती. पण त्यांना जखम होऊ नये असं मला मनापासून हवं होतं, आणि त्याची परतफेड मिळावी अशी अपेक्षा नव्हती. याला नाव हवं असेल तर ते तिसऱ्या शब्दात सापडतं.

अगापे. हा शब्द मुळात काही पवित्र नव्हता. हिब्रू धर्मग्रंथांच्या जुन्या ग्रीक भाषांतरात अम्नोनला आपल्या सावत्र बहिणीबद्दल वाटलेल्या आणि बलात्कारापर्यंत गेलेल्या वासनेलाही हाच शब्द आहे. म्हणून कुणी केवळ हा शब्द उच्चारला तर भारावून जाऊ नकोस. त्याला आजचं वजन आलं ते पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांमुळे. पौल या धर्मप्रचारकाने करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आज लग्नात वाचतात, पण तो लिहिला गेला भांडणाऱ्या लोकांना. त्यांच्यात तट पडले होते. एकत्र जेवायला बसले तरी काही जण पोटभर खाऊन-पिऊन तर्र व्हायचे आणि काही उपाशी राहायचे. त्यांना पौल सांगतो ती सगळी वागण्याची भाषा आहे. धीर धरणं, हेवा न करणं, उर्मटपणा न करणं, झालेल्या वाइटाचा हिशेब न ठेवणं. कसं वाटावं याबद्दल तो जवळजवळ काहीच म्हणत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातली शोमरोनी माणसाची गोष्ट तुला शाळेत होती. जेरुसलेमहून यरीहोला उतरणारा रस्ता, लुटून अर्धमेला टाकलेला माणूस, त्याला टाळून पुढे गेलेले याजक आणि मंदिराची सेवा करणारा लेवी. पण त्या शोमरोन्याने काय केलं ते क्रमाने बघ. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या. स्वतःच्या जनावरावर बसवलं. धर्मशाळेत नेऊन रात्रभर बघितलं. दुसऱ्या दिवशी धर्मशाळेवाल्याच्या हातावर दोन दीनार ठेवले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. म्हणाला, जास्त लागलं तर परत येताना देईन. आणि आपल्या कामाला निघून गेला. त्याने त्या जखमी माणसाशी मैत्री केली नाही, आयुष्य त्याला वाहिलं नाही, उलट पुढचं काम दुसऱ्यावर सोपवलं आणि त्याचे पैसे भरले. मी रात्रपाळीसाठी बाई ठेवली तेव्हा नातेवाइकांत कुजबुज झाली होती. मला त्या दोन दीनारांमुळे कधी अपराधी वाटलं नाही.

हा तिसरा शब्द बायकांच्या गळ्यात फार सहज अडकवला जातो, म्हणून शेवटी एक उदाहरण देते. अमेरिकेत माँटगोमेरी शहरात बसमध्ये काळ्या लोकांना मागे बसवण्याविरुद्ध बहिष्कार चालू होता. ३० जानेवारी १९५६ला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. आत पत्नी आणि तान्ही मुलगी होती, त्या वाचल्या. किंग सभेहून धावत आले. घरासमोर संतापलेला जमाव होता, काहींच्या हातात शस्त्रं होती. किंग यांनी त्यांना शांतपणे घरी जायला सांगितलं. पुढे १७ नोव्हेंबर १९५७च्या प्रवचनात त्यांनी हेच तीन ग्रीक शब्द घेतले. त्यांचा मुद्दा असा, की येशूने शत्रू आवडून घ्या असं सांगितलं नाही, त्यांच्यावर प्रेम करा म्हणून सांगितलं. घरावर बॉम्ब टाकणारा माणूस आवडणं अवघड, म्हणजे तिथे फिलिया मागणं खोटेपणाचं. पण त्याचंही वाईट न इच्छिणं, त्याला हरवायची संधी आली तरी तिचा सूड म्हणून वापर न करणं, हे मागता येतं.

आता बघ, हे म्हणणारा माणूस बसमध्ये बसायला परत गेला का? नाही. बहिष्कार ३८१ दिवस चालला, कोर्टाचा निकाल अमलात येईपर्यंत. अगापे आणि ‘नाही’ हे दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसाकडून. करिंथकरांना लिहिलेल्या त्याच अध्यायात पौलही म्हणतो, की हे प्रेम अन्यायात आनंद मानत नाही. तेव्हा उद्या कुणी, अगदी मीसुद्धा, तुला ‘प्रेम असेल तर सोस’ असं म्हटलं, तर विचार, कुठलं प्रेम? इरॉस सोसत नाही, तो झुरतो. फिलिया एकतर्फी सोसण्यावर उभीच राहू शकत नाही, कारण तिला दोन्हीकडची सदिच्छा लागते. आणि अगापे समोरच्याचं भलं बघते. माणसाला तुझ्यावर हात उगारू देण्यात त्याचंही भलं नसतं. सासूबाईंच्या बाबतीत मला जे जमलं त्याचं एक कारण हेही, की त्या आजारी होत्या, माझं काही बिघडवू शकत नव्हत्या. त्या चालत्याफिरत्या असताना मी वेगळं घर केलं होतं आणि ते योग्यच होतं.

‘निकोमॅकियन एथिक्स’ची माझी प्रत कुरियरने पाठवते आहे. समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, तिकडे लक्ष देऊ नकोस. पहिल्यापासून वाचायला घेऊ नकोस, कंटाळशील. आधी आठव्या भागाची पहिली चार प्रकरणं वाच, मग नववा भाग सुरू कर. आणि त्यालाही वाचायला दे. रविवारी संध्याकाळी वाचलंत तर बरं, वादकाच्या गोष्टीवर तो तुझ्याशी वाद घालेल असा माझा अंदाज आहे.

दिवाळीला येताना दोघं मिळून या. बाबांनी तुला आठवणीने आशीर्वाद सांगितले आहेत.

तुझी,
आई